आत्यांना काय उत्तर द्यावे, आणि किती शब्दांत

*माझे वय 29 आहे. मी कृषी विभागात नोकरी करते आणि पंचनाम्यांसाठी मला दिवसदिवस शिवारात फिरावे लागते. दोन वर्षांपूर्वी थायरॉइडचे निदान झाले. त्या काळात माझे वजन 11 किलोंनी वाढले. गेल्या वर्षी काकांच्या वास्तुशांतीला मोठ्या आत्या सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “किती सुटलीस गं! आणि रंग तर पार रापला. आता स्थळं कशी यायची?” मी ताडकन म्हणाले, “आधी स्वतःच्या सुनेकडे बघा.” आत्या रडल्या आणि आईने मला चारचौघांत माफी मागायला लावली. बाबा म्हणतात, बायकांच्या बोलण्यात मी पडत नाही. आता तीन आठवड्यांनी आजीचे सहस्रचंद्रदर्शन आहे. आत्यांनी आईजवळ माझ्यासाठी गोरेपणाचे मलमही पाठवले आहे. आजीसाठी मला जायचेच आहे. पुन्हा तसेच झाले तर काय बोलू?*

*— एक वाचक, सातारा जिल्हा*

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आत्यांविषयी विचारले आहे. पण मी सुरुवात त्यांच्या सुनेपासून करते. त्या प्रसंगात जिने तोंडातून एक शब्दही काढला नव्हता आणि तरीही जिचे शरीर सगळ्यांसमोर चर्चेला आले, अशी ती एकटीच होती. तुम्ही आत्यांना उलट बोललात याचे मला तितकेसे वाईट वाटले नाही, कारण त्यांचे बोलणे लागण्यासारखेच होते. मात्र तुमच्यावर जो दगड आला तो तुम्ही उचललात आणि तिसऱ्याच बाईवर टाकलात. माफी मागायची असेल तर ती वहिनींची, खासगीत आणि स्पष्ट शब्दांत मागा: “त्या दिवशी मी तुम्हाला मध्ये ओढलं, ते माझं चुकलं.” तिथे आत्यांच्या वागण्याचा पाढा वाचू नका आणि स्वतःचे समर्थनही करू नका. यात व्यवहाराची बाजूही आहे. आत्यांच्या घरात रोज राहणाऱ्या त्या आहेत, आणि असे शेरे तुमच्यापेक्षा त्यांच्याच वाट्याला अधिक येत असणार.

आता मूळ प्रश्न. “किती सुटलीस गं” या वाक्याचा घाट प्रश्नाचा असला तरी तो प्रश्न नाही. बोलणाऱ्याला उत्तर नको असते, आपली नोंद तेवढी करायची असते. आपण मात्र लहानपणापासून मोठ्यांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत आलो आहोत, म्हणून त्या वाक्यालाही उत्तर देऊ लागतो, आणि तोल बहुतेक वेळा तिथेच सुटतो. रागाने बोलून तोल जातो हे सर्वांना दिसते. नम्रपणे खुलासा करत करतही तो जातो, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा, त्या दिवशी तुम्ही संयम राखून म्हणाला असतात, “आत्या, मला थायरॉइड आहे, त्यामुळे वजन वाढलंय.” पुढचे संभाषण मी तुम्हाला जवळजवळ शब्दशः सांगू शकते. “अगो बाई, थायरॉइड? या वयात?” मग शेजारची कोणी म्हणते, “त्या गोळ्यांनीच माणूस फुगतं, माझ्या जावेचं तसंच झालं.” तिसरी रोज पहाटे धन्याचे पाणी प्यायला सांगते. चौथी आवाज खाली आणून तुमच्या आईला बजावते, “स्थळाला एवढ्यात काही सांगू नका हं.” पाच मिनिटांपूर्वी चर्चा फक्त तुमच्या आकाराची होती, आता तुमचा आजार, तुमची औषधे आणि तुमचे लग्न असे सगळे ताटात वाढले गेले, आणि ते तुम्हीच वाढले. प्रत्येक खुलासा पुढच्या सल्ल्याला पाट मांडून देतो. म्हणून वजन का वाढले, ऊन किती लागते, जेवता काय आणि किती चालता, यांपैकी एकाही गोष्टीचे कारण त्या बैठकीत देऊ नका. ती माहिती तुमची आहे आणि तुमच्या डॉक्टरांची आहे.

कारण द्यायचे नाही आणि चिडायचेही नाही, तर मग बोलायचे काय? असे वाक्य बोलायचे, ज्यात आत्यांच्या म्हणण्याला होकार नाही, नकार नाही आणि खुलासाही नाही. फक्त हा विषय नको एवढेच आहे. उदाहरणार्थ: “आत्या, माझ्या अंगावर आणि रंगावर बोलू नका. आजीचं औक्षण किती वाजता आहे?”

या वाक्याची घडण नीट पाहा. आरंभी नाते येते, म्हणून ते फटकारल्यासारखे वाटत नाही. “बोलू नका” हे सरळ सांगणे आहे. त्यात “तुम्ही नेहमीच असं करता” असा आरोप नाही. कारणही नाही, त्यामुळे वाद घालायला काही हाती लागत नाही. आणि औक्षणाचा प्रश्न खरा आहे, त्याचे उत्तर आत्यांना ठाऊक आहे आणि ते देताना त्यांना घरातल्या मोठ्या लेकीचा मान परत मिळतो. हा शेवटचा भाग गाळू नका. चारचौघांत टोकल्या गेलेल्या वयस्कर माणसाला तिथून बाहेर पडायला वाट लागते, आणि ती दिली नाही तर ते माणूस रडून किंवा ओरडून स्वतःची वाट काढते. मागच्या वेळी तेच झाले.

चारचौघांत “मला खूप वाईट वाटतं” हे वाक्य मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही. ते खरे आहे, पण बैठकीत त्याचे उत्तर ठरलेले असते: “एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” मग तुमचा हळवेपणा हाच चर्चेचा विषय होतो. वाईट वाटते हे सांगायची जागा वेगळी आहे, तिच्याकडे मी पुढे येते. तसेच “हो ना, नुसती हत्तीण झालेय” असे स्वतःवरच हसून वेळ मारून नेऊ नका. त्याने वातावरण त्या क्षणापुरते सैल होते. पण तुमच्या शरीरावर हसायला परवानगी आहे असा निरोप घरभर जातो, आणि शेजारी बसलेली आठ-नऊ वर्षांची भाचीही ते ऐकत असते.

वाक्य ठरले तरी ते कोणत्या आवाजात बाहेर पडते यावर पुष्कळ अवलंबून आहे. असा शेरा आला की कान तापतात, छाती धडधडते, श्वास वर अडकतो आणि त्याच श्वासावर बोलल्यामुळे आवाज चढतो. म्हणून उत्तर देण्याआधी एकच गोष्ट करा: श्वास सावकाश आणि पूर्ण सोडा, घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्या. असा एक लांब उच्छ्वास आवाज खाली आणायला बहुधा पुरतो, आणि त्या दोन-तीन सेकंदांची शांतता बघणाऱ्यांना तुमचा ठामपणा वाटते. हातात काही असेल तर उत्तम. तबक, पाण्याचा तांब्या, फुलांची परडी. रिकामे हात रागाच्या वेळी आपोआप हलू लागतात आणि बोट उगारले गेले की तुमच्या शब्दांना काही किंमत उरत नाही. हे वाक्य आधी मोठ्याने म्हणून बघा, मनातल्या मनात नव्हे. एखाद्या मैत्रिणीला आत्या व्हायला सांगा आणि तिला तेच शब्द बोलायला लावा. पहिल्या चार-पाच वेळा तुमचा आवाज कापेल किंवा हसू फुटेल. कापणे थांबेपर्यंत म्हणत राहा.

आत्या एका वाक्यावर थांबतील असे मी गृहीत धरत नाही. त्या म्हणतील, “अगं, चेष्टेत म्हटलं.” त्यावर इतकेच: “चेष्टेतही नको, आत्या.” किंवा म्हणतील, “तुझ्या भल्यासाठीच सांगते.” त्यावर: “ठाऊक आहे मला. तरीही नको.” इथे मखलाशी करू नका आणि नवे शब्द शोधू नका. दर वेळी नवे उत्तर दिले की समोरच्याला नवा मुद्दा मिळतो. तेच शब्द त्याच पट्टीत पुन्हा आले की बोलणाऱ्याचा हुरूप ओसरतो. तिसऱ्यांदा विषय निघाला तर उत्तर देऊच नका. “मी आजीजवळ बसते” असे म्हणून उठा आणि खरोखरच आजीजवळ जाऊन बसा. पाय आपटत बाहेर जाणे म्हणजे रुसणे. घरातल्याच एखाद्या ठिकाणी, एखाद्या कामाला जाणे याला कोणी नाव ठेवू शकत नाही.

एक प्रकार वरून गोड असतो, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख करते. “सावळी असलीस तरी नाकीडोळी नीटस आहेस”, “अगं, पंढरीचा विठोबाही सावळाच” अशी समजूत घालणाऱ्या बायका प्रत्येक कार्यात भेटतात. त्यांच्या मनात माया असते, हे मी नाकारत नाही. पण त्या “तरी” मध्ये रंग हा उणेपणा आहे हे आधीच मान्य केलेले असते, आणि मग त्याची भरपाई शोधली जाते. अशा बाईंना टोकू नका. त्यांच्यासाठी “राहू दे मावशी, रंगाचा विषयच नको” इतके मऊ वाक्य पुरे.

पण हे सारे त्या दिवशीचे झाले. माझ्या मते खरे काम त्याआधी, कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस अगोदर, आत्यांशी एकान्तात बोलून करायचे आहे. शक्य असेल तर त्यांच्या घरी जा. सकाळची कामे आटोपल्यावर त्या निवांत बसतात ती वेळ बघा आणि सून, नातवंडे कोणी समोर नसू द्या. वाईट वाटल्याचे सांगायची जागा ही. असे काही बोला: “आत्या, वास्तुशांतीच्या दिवशी मी वहिनींना बोलण्यात ओढलं, ते चुकलं, त्यांची माफी मी मागितली आहे. पण चारचौघांत माझ्या वजनावर, रंगावर बोललं की मला तिथे उभं राहवत नाही. आजीच्या कार्यक्रमात तुम्ही तो विषय काढू नये, एवढंच मागायला आले.” मागणी एकच असू द्या. मागच्या पंधरा वर्षांतले शेरे उगाळू नका. ‘तुम्ही बदला’ असे न म्हणता एका दिवसाचे, एका विषयाचे वचन मागा. ते द्यायला सोपे असते. आणि वाईट वाटल्याबद्दल मात्र माफी मागू नका.

त्या कदाचित म्हणतील, “बरं बाई, आता मी तोंडच उघडणार नाही.” अशा वेळी आपला जीव कासावीस होतो आणि “तसं नाही हो आत्या” म्हणत आपण सगळे परत घेऊन टाकतो. ते करू नका. “तुम्ही बोलायलाच हवं, दुसरं काहीही बोला” असे म्हणा आणि त्यांच्या गुडघ्यांची, नातवंडांची विचारपूस करा. चहा झाल्यावरच निघा.

आत्यांची बाजू समजून घ्या म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटले असतील, म्हणून हे मी जपून लिहिते. माझ्या एक आजेसासूबाई होत्या. त्यांनी त्यांच्या बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट मला त्यांच्या पंच्याऐंशीव्या वर्षी सांगितली. मुलाकडच्या एका बाईंनी त्यांना माजघरातून अंगणात उजेडात आणले आणि पावडर लावली आहे का हे पाहण्यासाठी ओला रुमाल गालावरून फिरवला. हे सांगताना सत्तर वर्षांनंतरही त्यांचा हात आपोआप गालाकडे गेला होता. आणि याच आजी पुढे घरात येणाऱ्या प्रत्येक मुलीचा रंग पहिल्यांदा बोलून दाखवत असत. आपल्यावर जे बेतले ते लेकीसुनांवर बेतू नये म्हणून आधीच सावध करायचे, हा त्यांचा हिशेब होता. त्यांचे बोलणे त्याने योग्य ठरत नाही. पण आत्यांच्या शेऱ्यामागे तुमच्याविषयीचा तिटकारा नसून जुनी धास्ती असू शकते, हे लक्षात असले की तुमचे वाक्य शांत निघेल.

तुमच्या पत्रातले बाबांचे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. आत्या त्यांची सख्खी बहीण आहे. तुमच्या आईला त्या नणंद लागतात, आणि भावजयीने नणंदेला टोकले की त्याचे पडसाद किती वर्षे उमटतात हे आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तुमच्या आईने तुम्हाला माफी मागायला लावली ती बहुधा या भीतीनेच. म्हणजे ज्यांच्या शब्दाला सर्वांत कमी किंमत मोजावी लागते ते बाजूला बसले आणि जिला सर्वांत जास्त मोजावी लागते तिने भार उचलला. बाबांना हे ऐकवायचे असेल तर घरी, रात्रीच्या जेवणानंतर, आईसमोर बोला आणि त्यांच्याकडून एक नेमकी गोष्ट मागा: कार्यक्रमाआधी बहिणीला फोन करून “पोरीला चारचौघांत काही बोलू नकोस, मला आवडत नाही” असे एकदा सांगणे. भाषण नको, भांडण नको. बहिणी भावाचे असे एक वाक्य वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. आईकडून मात्र इतकेच मागा की त्या दिवशी विषय निघाला तर तिने तुम्हाला काहीतरी कामाला हाक मारावी, आणि काहीही झाले तरी सर्वांसमोर माफी मागायला लावू नये.

मलमाविषयी मला नीट सांगितलेच पाहिजे. ते लावू नका, आईच्या समाधानासाठी एकदाही नाही. औषधाच्या दुकानांत गोरेपणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टेरॉइड असते. नळीवरची घटकांची बारीक अक्षरे वाचा. ही नावे किंवा लाल उभी रेघ दिसली तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच वापरायचे औषध आहे. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडच्या अनेक मलमांना 2018 मध्ये केंद्र सरकारने चिठ्ठीच्या बंधनाखाली आणले ते चेहऱ्यावरच्या याच गैरवापरामुळे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत चेहरा खरोखरच उजळ दिसतो आणि म्हणूनच ते एकीकडून दुसरीकडे कौतुकाने दिले जाते. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव वाढते, आणि लावणे थांबवले की चेहरा लाल होऊन भाजल्यासारखी आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. तुमच्यासारख्या दिवसभर उन्हात असणाऱ्या व्यक्तीला हा त्रास अधिकच होईल. नळीवर घटकांची नावेच नसतील तर ते याहूनही वाईट. बिननावाच्या काही मलमांत पारा असतो आणि तो मूत्रपिंडांना इजा करतो. आत्यांना मलम परत करताना “गोरं व्हायचं नाही मला” असा वाद घालू नका. “माझ्या त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी चेहऱ्याला काही लावत नाही” एवढे पुरे. आणि घरात आणखी कोणी तेच लावत असेल तर ती गोष्ट मात्र जरूर काढा. कोणी महिनोन्महिने वापरत असेल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा.

पहिल्या प्रयत्नात यश येईल असे समजू नका. बहुधा आधी थोडे बिघडेल. तुम्ही उठून गेल्यावर पाठीमागे “हिला काही बोलायची सोय राहिली नाही” असे कोणीतरी म्हणेल आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचेल. ते ऐकून खचू नका. सीमा कुठे आहे हे त्यांना कळल्याचीच ती खूण आहे. मग शेरे आईमार्फत येतात, मग ते नुसत्या नजरेने किंवा अर्ध्या वाक्याने येतात, आणि तीन-चार कार्यांनंतर तुमच्यासमोर विषय बदलला जातो. काही माणसे तरीही थांबत नाहीत. त्यांच्यासाठी आपला मुक्काम आखडता घेणे हा शिष्टाचाराचा भंग नव्हे: औक्षणाला यावे, जेवण करावे आणि परत फिरावे.

एका गोष्टीत मात्र संयम दाखवत बसू नका. या बोलण्यांमुळे तुम्ही जेवण टाळू लागला असाल, आरशासमोर किंवा फोटोत येणे नकोसे झाले असेल, किंवा वजन उतरावे म्हणून थायरॉइडची गोळी स्वतःहून वाढवावीशी वाटत असेल, तर तो प्रश्न आत्यांना काय उत्तर द्यावे याच्या पलीकडचा आहे. जादा मात्रा हृदयाला आणि हाडांना बाधते, म्हणून गोळीचा निर्णय केवळ तपासणीनंतर डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

कार्यक्रमाच्या दिवसासाठी आजीच्या औक्षणाचे काम मागून घ्या. निरांजने लावणे, एकेका सवाष्णीच्या हाती तबक देणे, वात विझली तर सारखी करणे, यात दोन-तीन तास तुमच्या हातांना उसंत राहणार नाही आणि तुमची जागा आजीच्या पाटाशेजारी ठरून जाईल. आत्या औक्षणाला येतील तेव्हा तबक तुम्हीच त्यांच्या हाती द्या. आणि वहिनींना फोन मात्र आदल्या दिवसापर्यंत ठेवू नका. तो याच आठवड्यात करा.